निम्म्या उंचीची दोरी

अग्निशमन केंद्रातल्या दोर-पथकात तिला सगळे क्रेन म्हणत. हे नाव कुणी लाडाने ठेवलं की चिडवायला, ते आता ठेवणाऱ्यालाही आठवत नव्हतं, आणि तिने तर कधीच ते स्वतःचं करून टाकलं होतं. फोन उचलला की ती सरळ "क्रेन बोलतेय" म्हणायची. पलीकडचा माणूस नवा असेल तर आपण बंदरावर फोन लावला की काय, अशा शंकेने नंबर पुन्हा बघायचा.

उंची बेताची, एकशे बासष्ट सेंटीमीटर. खांदे मात्र असे की तयार शिवलेला शर्ट तिला कधी बसला नाही. खांद्यात बसला तर कमरेत पोत्यासारखा लोंबायचा. हे खांदे काही व्यायामशाळेत कमावलेले नव्हते. तिचे वडील बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे, आणि शाळा सुटली की ही वडिलांच्या मागे हुक घेऊन उभी. इतर मुली दोरीवरच्या उड्या मारत तेव्हा ही बर्फाची लादी उतरत्या फळीवरून खाली सोडत असायची, आणि तिला त्यातच जास्त मजा वाटायची. शाळेत वर्षातून एकदा वजन व्हायचं. सगळ्या वर्गासमोर काट्यावर उभं करायचे, आकडा मोठ्याने वाचायचे, आणि वर्ग हसायचा. घरी येऊन ती आईला विचारायची, मी जाडी आहे का? आई तिच्याकडे नीट बघायची आणि म्हणायची, "जाडी नाहीस, भरीव आहेस." या शब्दावर ती मोठी झाली. पण काटा दिसला की ती अजूनही वाट बदलायची.

दोर-पथकाचं काम म्हणजे जिथे शिडी पोचत नाही तिथे माणूस पोचवायचा. लिफ्टच्या खड्ड्यात कुणी पडलं, उंच इमारतीच्या काचा पुसणाऱ्याचा पाळणा मधेच अडकला, कुणी विहिरीत उतरलं आणि वर येता येईना, की यांना बोलावणं. एकाने दोरावरून खाली जायचं, दुसऱ्याने वरून दोर धरायचा. क्रेन खाली जायची. वरून दोर धरायचा काडी.

काडी हे नावही पथकाचंच देणं. हात काडीसारखे, पाय काडीसारखे, मान तर इतकी बारीक की हेल्मेट घातल्यावर सगळे त्याला आगपेटीतून निसटलेला म्हणत. फक्त पट्ट्याच्या वर एक छोटंसं गोल पोट होतं. त्याला तो "माझी बचत" म्हणायचा. पँट त्या बचतीच्या खाली बांधायची त्याची पद्धत, आणि नोकरीला लागला तेव्हाचाच पँटचा माप-नंबर आजही चालतो याचा त्याला भारी अभिमान. नवा गणवेश आला की तो जुना नंबर खणखणीत आवाजात सांगायचा, दोनदा.

या दोघांची एक सवय होती. खरं तर पथकाचा तो नियमच होता. दोरावर जाण्याआधी कुणीही स्वतःचा हार्नेस, म्हणजे अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज, स्वतः तपासायचा नाही. जोडीदाराने तपासायचा, डोळ्यांनी नाही, हातांनी, आणि प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणायची. कमरेचा पट्टा ओढून बघितला. बकल दाबून बघितलं. मांडीचे पट्टे बघितले. गाठ बघितली. बकलातून पलीकडे निघून उरणाऱ्या पट्ट्याच्या टोकाला ते शेपूट म्हणत. शेपूट हाताच्या मुठीएवढं तरी उरलंच पाहिजे. इतकी वर्षं हे केल्यावर क्रेनला काडीचा पट्टा स्वतःच्या पट्ट्यापेक्षा जास्त पाठ होता. त्याच्या बकलावरची चीर, शेपटावरचा रंगाचा डाग, सगळं. हाताला सवय झाली की डोकं बघेनासं होतं, हे मात्र तिला फार उशिरा कळलं.

भानगड सुरू झाली ती वार्षिक तपासणीपासून. तपासणीला दरवर्षी येणारे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक डॉक्टरबाई आल्या. बाई हुशार होत्या, आणि त्यांना स्वस्थ बसवत नसे. त्यांनी पहिल्या भेटीतच केंद्रप्रमुखांना समजावलं की बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधली उंची, आणि पुन्हा भागिले उंची, याची तिसाची जी मर्यादा इथे भिंतीवर चिकटवलीय ती आपल्या लोकांसाठी फार सैल आहे. दक्षिण आशियातल्या लोकांच्या अंगात त्याच आकड्याला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि चरबीही नको तिथे, पोटात, यकृताभोवती साठते. साखर, रक्तदाब, हृदयाची दुखणी इतरांपेक्षा कमी वजनावर गाठतात. म्हणून आपल्याकडे तेवीसपासूनच सावध व्हायचं, आणि साडेसत्तावीसच्या पुढे जोखीम मोठी धरायची. तेवीसच्या पुढचे सगळे माझ्याकडे पाठवा, कंबर मोजू, रक्त तपासू, असं सांगून बाई पुढच्या केंद्राला गेल्या.

केंद्रप्रमुख वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना कुंपण आवडायचं. जिथे कुंपण नाही तिथे त्यांना झोप लागत नसे. दोन आकड्यांपैकी तेवीसचा त्यांना उपयोग दिसेना, कारण तेवीसच्या पुढे अर्धं केंद्र होतं. त्या अर्ध्या केंद्राला रक्त द्यायला पाठवायचं तर बंबावर कोण बसणार? ते काम त्यांनी सवडीवर टाकलं. साडेसत्तावीस मात्र त्यांना पसंत पडला. त्यांनी भिंतीवरचा तीस खोडून तिथे साडेसत्तावीस लिहिलं आणि खाली ओळ घातली: यावर असलेल्यांनी दोरावर जाऊ नये. बाईंनी तपासायला दिलेला आकडा साहेबांच्या हातात पडून दरवाजा झाला.

क्रेनचं वजन सत्त्याहत्तर किलो होतं. भागाकार केला की एकोणतीसच्या थोडं वर. जुन्या मर्यादेखालून ती दरवर्षी मान वाकवून निसटायची. नव्या मर्यादेत तिचं डोकं सरळ आपटलं. काडीचा आकडा साडेतेवीस. तो दारातून शीळ वाजवत गेला.

साहेबांनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं. तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही, पण नियम सगळ्यांना सारखा. बहात्तरवर ये, दोर तुझाच आहे. तोवर दोरांच्या खोलीत बस. तिने वाद घातला नाही. शाळेतला तो वर्ग पुन्हा तिच्याभोवती उभा राहिला होता, आणि त्या वर्गापुढे तिला कधीच बोलता आलं नव्हतं.

दोरांची खोली म्हणजे धुतलेले दोर वाळत टाकायचे, बोटांनी इंच इंच चाचपून कुठे धागा तुटलाय का बघायचं, आणि वेटोळी करून ठेवायची. काम महत्त्वाचंच. पण घंटा वाजली की गाडी निघायची आणि ही दारात वेटोळं हातात धरून उभी. आपल्याला काढून टाकलं असं तिला वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची लाजही वाटायची. काडीच्या दोराला आता दुसराच एक तरणाबांड गडी लटकत होता. काडी परत आला की कसं झालं ते तिला सांगायचा, आणि सांगताना नजर चोरायचा.

तर तिने वजन उतरवायचं ठरवलं, आणि ठरवलं की ती मागे हटणारी नव्हती. सकाळी नुसता चहा. रात्री एक वाटी काहीतरी. दुपारचा डबा आई भरायचीच, कारण आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. आई डबा भरायची तोही बर्फाच्या लाद्या ओढणाऱ्या माणसाचा अंदाज धरून: अंडी, डाळ, भाजी, भाताचा डोंगर. तो परत न्यावा तर घरी उलटतपासणी होणार. मग डबा काडीपुढे सरकायचा.

"तुला नको?" काडी पहिल्या दिवशी म्हणाला.

"मला पोट कमी करायचंय. तुला काय, तू काडीच आहेस."

काडीने आपला डबा खाल्ला आणि मग तिचाही खाल्ला. पुढे हे रोजचंच झालं. अन्न वाया जात नाही याचं दोघांना समाधान होतं. केंद्रातही सगळ्यांना हे योग्यच वाटलं; जिला उतरायचं आहे तिने सोडावं आणि ज्याच्या अंगाला काही लागत नाही त्याने खावं. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. येणार कसं? आकडा भिंतीवर होता आणि काडी त्याच्या कितीतरी खाली होता.

वजन उतरू लागलं. पहिल्यांदा भराभर, मग हट्टाने. गाल बसले. दोराचं वेटोळं खांद्यावर टाकताना ती एकदा भिंतीला टेकली, आणि कुणी बघितलं नाही ना ते बघून घेतलं. आईने एकदा तिचा दंड चिमटीत धरून बघितला. रात्री वाटीत न विचारता आणखी एक अंडं पडलं होतं. तिने ते मांजरीला घातलं.

फेरतपासणीच्या दिवशी डॉक्टरबाई मुद्दाम आल्या होत्या. साहेबांनीच बोलावलं होतं, नवा नियम काय ते न सांगता, नुसतं त्याचं फळ दाखवायला. क्रेन काट्यावर चढली. एकाहत्तर किलो आठशे. पथकाने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतः तिच्याशी हात मिळवला आणि तिला, खरं सांगायचं तर, रडूच आलं. जन्मात पहिल्यांदा ती काट्यावरून उतरली आणि कुणी हसलं नाही.

मग मैदानाच्या टोकाला सरावाच्या मनोऱ्यावर चढायचं होतं. रीत तशी साधी: वरून दोरावर खाली यायचं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ठेवलेली माणसाच्या वजनाची डमी उचलून उंबऱ्यावरून बाहेर काढायची, तिला धरून जमिनीवर यायचं. हे ती झोपेत करायची. डमीच्या पट्ट्याला सुरक्षेचा दुसरा दोर, तो वर काडीच्या ताब्यात.

माथ्यावर दोघांनी एकमेकांचा हार्नेस तपासला. काडीने तिचा कमरेचा पट्टा ओढला आणि थांबला. शेपूट मुठीएवढं नव्हतं, चांगलं दोन बोटं जास्त होतं. "हे काय गं," तो म्हणाला. ती खुशीत हसली. तिने त्याचा पट्टा ओढला; शेपूट आखूड, जेमतेम मूठभर. आतला अंगरखा जाड घातला असेल, असा विचार तिच्या डोक्यातून निघून गेला आणि हात पुढच्या बकलावर गेले. पट्टा बघितला. बकल बघितलं. गाठ बघितली.

खाली उतरली ती नेहमीसारखी. खिडकीत शिरली. डमीच्या काखेत हात घातले, कमरेतून उचललं आणि उंबऱ्यावर आणलं. आणि तिथे, जिथे आजवर कधीच काही झालं नव्हतं, तिचे हात थरथरले. आधी बोटं, मग कोपर. तिने दात आवळले. शरीराला हाक मारली आणि शरीर आलं नाही. डमी तिच्या कुशीतून निसटली, बाहेर गेली, हातभर खाली पडून दोराला हिसका बसला आणि भिंतीवर आदळून हेलकावे घेऊ लागली. वर काडीने दोर धरून ठेवला होता म्हणून ती जमिनीवर फुटली नाही.

डमी होती. पण खिडकीत उभ्या क्रेनला डमी दिसत नव्हती. लटकणारा माणूस दिसत होता, आणि आपले दोन रिकामे हात.

खाली आल्यावर ती बंबाच्या मागे पायरीवर जाऊन बसली. डॉक्टरबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. मग विचारलं, काल काय खाल्लं? क्रेनने सांगितलं. परवा? तेही सांगितलं. बाईंचा चेहरा पडत गेला. मग त्यांनी विचारलं की हा नियम तुम्हाला कुणी सांगितला, आणि भिंतीवर आपलाच आकडा लिहिलाय हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मी तो आकडा कुणाला दोरावरून काढायला दिला नव्हता," बाई म्हणाल्या. "कुणाला तपासायचं ते कळावं म्हणून दिला होता. चूक माझीही आहे. तुमच्यासारखं माणूस त्यात सापडलं तर काय करायचं, हे मी सांगायलाच विसरले."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"काटा फक्त किती ते सांगतो. कशाचं ते त्याला कळत नाही. चरबी असो, स्नायू असो, हाड असो, त्याला सगळं एकच. तुमच्या सत्त्याहत्तरात खांदे होते, पाठ होती, मांड्या होत्या. उतरवायला चरबी थोडीच होती, आणि तुम्ही पोटाला चिमटा घेतलात. मग गेलं काय? जे त्या खिडकीत लागत होतं तेच."

क्रेनने आपल्या हातांकडे बघितलं. मग तिने विचारलं, तर मग लठ्ठ कोण ते ओळखायचं कसं? बाईंनी इकडेतिकडे बघितलं. टेप गाडीत राहिला होता. पण दोर-पथकात दोरीला काय तोटा. क्रेनच्या खिशातून बारीक दोरीचा तुकडा निघाला, आणि बाईंनी तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचेपासून डोक्यापर्यंत दोरी धरली, तिथे गाठ मारली, दोरी बरोबर मधोमध दुमडली आणि म्हणाल्या, ही झाली निम्मी उंची. आता शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता गुंडाळा. टोकं भेटली तर कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे. पोटातली चरबी कंबरेवर दिसते. खांद्यातला स्नायू तिथे दिसत नाही.

क्रेनने गुंडाळली. टोकं भेटली, एकमेकांवर चढली, आणि वर चांगली पाच बोटं उरली.

"हे आता, उपाशी राहून," ती म्हणाली. तिला स्वतःवरही विश्वास उरला नव्हता.

"साडेसत्तावीसच्या पुढच्या तेवढ्यांची कंबर मी तपासणीच्या दिवशीच मोजून ठेवली होती. तुमची पंचाहत्तर. निम्मी उंची एक्याऐंशी. तेव्हाही टोकं भेटली असती. तुम्ही तेव्हाही बरोबरच होतात."

हे वाक्य क्रेन बाईंच्या तोंडून ऐकत होती आणि तिला आईचा आवाज ऐकू येत होता. ती एकदम हसली. मग डोळे पुसले.

तोवर मंडळी जमली होती. दोरी दिसल्यावर पथकाला राहवतंय होय? प्रत्येकाला भिंतीला टेकायचं होतं. कुणाची टोकं भेटली की ओरडा, नाही भेटली की त्याहून मोठा ओरडा. साहेबांनीही करून बघितलं आणि आपली टोकं भेटल्याचं सर्वांना पुन्हा दाखवलं. आणि मग सगळे काडीला पुढे ढकलू लागले. याला तर दोरी दोनदा गुंडाळावी लागेल, कुणीतरी म्हणालं.

काडीने ऐटीत दोरी पँटच्या पट्ट्यावरून, म्हणजे बचतीच्या खालून घेतली. टोकं भेटली. त्याने मिशीवर हात फिरवला.

"वर," बाई म्हणाल्या. "बरगडी आणि हाडाच्या मधे."

दोरी वर सरकली आणि गोल पोटावर येऊन बसली. टोकं भेटली नाहीत. काडीने श्वास आत ओढला. बाई म्हणाल्या, श्वास सोडा. त्याने सोडला. दोन टोकांमधे तळहाताएवढी फट राहिली. कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं, कारण बाई हसत नव्हत्या. त्यांनी कंबर बोलून दाखवली: पंच्याण्णव. उंची एकशे सत्तर, निम्मी पंच्याऐंशी. शिवाय बाप्यांसाठी आपल्याकडे नव्वदलाच घंटा वाजते. घरात कुणाला साखर? काडी म्हणाला, वडिलांना, काकांना, मोठ्या बहिणीला. तो हे असं म्हणाला की जणू कुणी दुसराच बोलत होता.

क्रेनच्या डोळ्यांपुढे ते आखूड शेपूट आलं. दर कॉलला हातात येणारं, दर वर्षी बोटभर आटलेलं. हार्नेसचा पट्टा कमरेवर बसतो, पँटसारखा पोटाखाली घसरत नाही. तिच्या हातांना ठाऊक होतं. मग तिला डबा आठवला. आईची अंडी, डाळ, भाताचा डोंगर, रोज, त्याच्या पुढ्यात.

"बाई, मी याला खाऊ घालत होते," ती हळूच म्हणाली.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हे पोट महिन्याभराच्या डब्याने होत नाही, त्याला वर्षं लागतात, असं त्यांनी सांगितलं. आणि काडीला सांगितलं की तेवीसच्या पुढे असल्यामुळे खरं तर पहिल्याच दिवशी तुमचं रक्त तपासायचं होतं. साहेब तेव्हा आपल्या बुटांकडे बघत होते.

रक्ताचा निकाल आला. साखर काठावर होती. मधुमेह म्हणावा इतकी नाही, निर्धास्त राहावं इतकीही नाही. बाईंच्या मते ही या गोष्टीतली सर्वांत चांगली बातमी होती, कारण काठावरून परत फिरता येतं. काडीला ती चांगली बातमी वाटली नाही. बाईंच्या खोलीतून तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा क्रेनने ओळखला. दोरांच्या खोलीच्या दारात उभं असताना तिचाही तोच चेहरा असायचा.

तिने पुढे जे केलं ते तिने आयुष्यात आधी कधी केलं नव्हतं. ती साहेबांच्या खोलीत गेली आणि बोलली. बाई बरोबर होत्या, पण बोलली क्रेन. म्हणाली, साहेब, भिंतीवरचा आकडा पुसून तिथे दोरी टांगू नका. मला काट्याने काढलंत, आता याला दोरीने काढाल. आकडा सांगतो कुणाकडे बघायचं. दोरी सांगते कुठे बघायचं. रक्त सांगतं काय करायचं. आणि दोरावर कोण जाणार, ते मनोरा सांगेल.

साहेबांनी विचारलं की मग नियम म्हणून लिहायचं काय, असा लवचिक नियम वरच्यांना कसा दाखवू, सगळंच दोरीवर कसं सोडू. बाई म्हणाल्या, साहेब, तुमचं सगळं खातंच दोरीवर लटकतंय. साहेबांना हसू आलं. कुंपण मोडताना पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली नाही, असं ते नंतर सगळ्यांना सांगत सुटले. तेवीसच्या पुढच्या अर्ध्या केंद्राला त्यांनी आळीपाळीने रक्त द्यायला पाठवलं, आणि बंबावर माणसं कमी पडली नाहीत.

त्या दिवशी क्रेन घरी गेली आणि आईपुढे ताट घेऊन बसली. सगळं सांगितलं. आई रागावेल असं तिला वाटलं होतं. आईने ताट भरलं, पुन्हा भरलं, आणि मग एवढंच विचारलं, "मग तो मुलगा आता काय खातो?"

दुसऱ्या दिवसापासून आईकडून दोन डबे येऊ लागले. एक क्रेनचा, डोंगरासकट. दुसऱ्यात भाज्या, डाळ, अंडी, आणि भाताची जेमतेम टेकडी. काडीने टेकडीकडे बघून उसासा सोडला आणि खाल्लं. जेवण झालं की तो मैदानाला फेऱ्या मारायचा, आणि क्रेन वजनं उचलायला जाताना त्यालाही ओढून न्यायची, कारण बाईंनी सांगितलं होतं की नुसतं पोट उतरवायचं नाही, हातापायांवर स्नायूही चढवायचा. पहिल्या आठवड्यात त्याने दुनियेला शिव्या दिल्या. मग फक्त क्रेनला देऊ लागला, ही सुधारणाच म्हणायची. खिशात त्याने ती दोरी ठेवली होती, स्वतःच्या उंचीची गाठ मारलेली. फट तळहातावरून तीन बोटांवर आली आणि तिथे बरेच दिवस अडून बसली.

क्रेनचं वजन परत वर गेलं. काट्याने पुन्हा एकोणतीसचा भागाकार दाखवला. तिने तो वाचला, मोठ्याने, सगळ्यांसमोर, आणि खाली उतरली.

मग मनोरा. सगळं केंद्र मैदानात, आणि आज कुणी टाळ्यांची तयारी केलेली नव्हती. सगळे खिडकीकडे बघत होते. माथ्यावर वारा होता. काडीने तिचा पट्टा ओढला: शेपूट मुठीएवढं, जसं असायचं तसं. पट्टा बघितला. बकल बघितलं. गाठ बघितली. मग तिची पाळी. तिने त्याचा पट्टा ओढला आणि या वेळी हात पुढे जाऊ दिले नाहीत. शेपूट मुठीच्या बाहेर आलं होतं. फार नाही, बोटभर. रंगाचा जुना डाग, जो इतकी वर्षं बकलाच्या आत आत सरकत गेला होता, तो बाहेर उजेडात आला होता.

काडी तिच्या तोंडाकडे बघत होता. नियम नियम असतो, मोठ्याने म्हणायलाच हवं.

"पट्टा," ती म्हणाली, "बघितला."

आणि ती मैदानाकडे पाठ करून खाली गेली, खिडकीपर्यंत, त्याने धरलेल्या दोरावर.